रातपाळीचा आठवडा

समजा, चाकणच्या कारखान्यात या आठवड्यात पाळी रात्री ११ ते सकाळी ७ आहे. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, त्यामुळे ते पूर्ण उलटवायचा हट्ट नको. सकाळी साडेआठला अंधाऱ्या खोलीत झोपावं, दीडला उठावं. संध्याकाळी पुन्हा तासभर आडवं व्हावं. पोटभर जेवण निघण्यापूर्वी नऊला, रात्री दोनला अगदी हलकं, कारण तेव्हा जेवणानंतरची साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. बँकेचं काम दुपारी अडीचला. सुटल्यावर लगेच मुळीच नको. तेव्हा दुचाकीवर डोळा लागतो. सर्वांत अवघड पाळीबदल. शेवटच्या रात्रीनंतर अकरापर्यंतच झोपावं, म्हणजे रात्री दहाला झोप येते.