मंडळीत निर्णय कोण घेतो? : वडील, सभा आणि बिशप



जिंतूरकडच्या तांड्यांवर आणि वाड्यांवर भेटीला गेलो की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मंडळीचे वडील आम्ही निवडतो, मग शेवटचा शब्द बिशपांचा कसा?" याचे उत्तर आपल्या शेजारच्या जालना भागाच्या इतिहासात सापडते.

मुंबईत 1843 साली रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडमध्ये चर्च दुभंगले. गावाचा पाळक कोण असावा हे तेथील जमीनदार ठरवत, मंडळीला तो नको असला तरी. कायदाही जमीनदाराच्याच बाजूने होता. तेव्हा शेकडो पाळक घर, वेतन आणि चर्चची इमारत सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी त्यांच्याच बाजूला गेले.

पुढे 1854 साली नारायणरावांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, ती कोणा बिशपाच्या हातून नव्हे. मुंबईच्या प्रेसबिटेरीने, म्हणजे पाळक व वडील यांच्या सभेने, त्यांना दीक्षा दिली. याच नारायणरावांनी पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, बेथेल हे गाव वसवले.

या पद्धतीची रचना जिन्यासारखी आहे. पहिल्या पायरीवर पाळक आणि निवडलेले वडील मिळून स्थानिक मंडळीचा कारभार पाहतात. दुसऱ्या पायरीवर प्रेसबिटेरी असते. तिच्यात आसपासच्या प्रत्येक मंडळीचा पाळक आणि एक वडील बसतो, आणि दोघांच्या मताला सारखेच वजन असते. त्यावर सिनॉड आणि सर्वांत वर महासभा. प्रेसबिटेरीचा अध्यक्ष ठरावीक मुदतीपुरता सभा चालवतो. मुदत संपली की तो पुन्हा इतरांसारखाच एक सभासद.

एक उदाहरण घेऊ. समजा, वडिलांनी एका कुटुंबाला प्रभुभोजनापासून दूर ठेवले आणि त्या कुटुंबाला तो अन्याय वाटला. मग ते प्रेसबिटेरीकडे दाद मागते. तिथे दोन्ही बाजू ऐकल्या जातात, इतिवृत्त तपासले जाते आणि निर्णय फिरवताही येतो. तसेच पाळकाविरुद्ध तक्रार असेल, तर स्थानिक वडील त्याला काढू शकत नाहीत. कारण दीक्षा प्रेसबिटेरीने दिलेली असते, म्हणून चौकशीही तीच करते. त्यामुळे ना पाळक गावाचा मालक होतो, ना गावातली चार वजनदार घरे पाळकाला धमकावू शकतात.

आता दुसऱ्या पद्धती पाहू. अँग्लिकन चर्चमध्ये दीक्षा आणि देखरेख बिशपाकडे असते. मुंबईचा बिशप-प्रांत 1837 साली इंग्लंडच्या राजसत्तेच्या सनदेने निर्माण झाला. म्हणजे तिथे बिशप होता आणि त्याच्यामागे राजाही होता. जर्मनीतील अनेक लूथरन संस्थानांत राजाच चर्चचा सर्वोच्च प्रमुख मानला जाई, आणि ही व्यवस्था 1918 पर्यंत टिकली. जिनिव्हात कॅल्विनने 1541 साली वडिलांची व्यवस्था बसवली खरी, पण ते बारा वडील नगरपरिषदेच्या सभासदांतूनच निवडले जात. राजसत्तेपासून पूर्ण सुटका तिथेही नव्हती.

सभेच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. मिशनच्या काळात प्रेसबिटेरीत हिंदी पाळकाला मत होते; पण पैसा परदेशातून येई आणि त्याचा हिशेब मिशनरींच्या हाती राही. मत एका जागी आणि तिजोरी दुसऱ्या जागी असली, की समानता कागदावरच उरते. शिवाय वडील आजन्म राहिले, तर ते पद हळूहळू एका घराण्याचे होऊन बसते. आपल्याकडे असे होत आहे का, हे ओळखणे सोपे आहे. इतिवृत्त वाचून दाखवले जाते का? हिशेब सर्वांसमोर ठेवला जातो का? बापानंतर मुलगाच वडील होतो का?

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बिशप मानणारे आणि सभा मानणारे एकत्र आले. बिशप राहिले, पण त्यांच्या जोडीला स्थानिक समिती, धर्मप्रांताची परिषद आणि सिनॉड आले. म्हणून वरच्या प्रश्नाचे उत्तर असे : बिशपांना अधिकार आहे, पण तो एकट्याचा नाही. तुम्ही निवडलेला माणूस परिषदेत बसतो. तो तिथे काय बोलला, कशाला हात वर केला, हे परत आल्यावर त्याला मंडळीसमोर विचारा. त्यासाठीच तुम्ही त्याला पाठवले आहे.