मिठीसाठी लागणारा तिसरा फोटो

लग्नसराईत फोटो स्टुडिओत एक मागणी हमखास येते. मुलीचे लग्न झालेले असते, वडील मात्र दोन-तीन वर्षांपूर्वीच गेलेले. घरचे दोन फोटो आणतात, एक शालूतल्या नवरीचा आणि दुसरा कुठल्यातरी समारंभात उभ्या असलेल्या वडिलांचा. ‘बाबांनी तिला जवळ घेतलंय असं करून द्या,’ एवढेच त्यांचे म्हणणे.

वेगवेगळ्या फोटोंतली माणसे एका चित्रात आणणे नवे नाही. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून मृत्युशय्येवरची मुलगी आणि तिच्याभोवतीचे कुटुंब असे ‘फेडिंग अवे’ हे चित्र बनवले होते. पण शेजारी उभे करणे वेगळे आणि मिठी वेगळी. शेजारी उभ्या माणसांमध्ये बोटभर फट चालते. मिठीत ती फटच नाहीशी करायची असते, आणि खरी पंचाईत तिथे होते.

वडिलांच्या फोटोत त्यांचे दोन्ही हात सरळ खाली आहेत, असे समजू. नवशिका एडिटर डावा हात कापतो, खांद्यापाशी बिजागरीसारखा फिरवतो आणि मुलीच्या खांद्यावर ठेवतो. तो हात बाहुलीचा वाटतो. कारण माणूस हात उचलतो तेव्हा खांदाही वर येतो, काखेत शर्टाला चुण्या पडतात, कोपर वाकते. खाली सोडलेल्या हाताच्या फोटोत यातले काहीच नसते.

म्हणून जाणता कारागीर तिसरा फोटो काढतो. वडिलांच्याच बांध्याच्या, साधारण त्याच वयाच्या माणसाला तसाच फुलशर्ट घालून उभे करायचे आणि शेजारच्या कुणाला तरी खरोखर जवळ घ्यायला सांगायचे. उजेड मूळ फोटोत ज्या बाजूने येतो त्याच बाजूने हवा, कॅमेऱ्याची उंची आणि अंतरही शक्यतो तेवढेच. या फोटोतून उचललेला खांदा आणि हात घ्यायचा. चेहरा आणि बाकी अंग वडिलांचेच. पंजाच्या मापाची एक सोपी खूण आहे. तो हनुवटीपासून कपाळावर केस सुरू होतात तिथपर्यंत पुरतो. त्याहून फार मोठा दिसला तर पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकते.

मग थर लावायचे. फोटोशॉपमध्ये चित्राचे तुकडे पारदर्शक कागदांसारखे एकावर एक बसतात, त्यांना लेयर म्हणतात. मिठीची गंमत अशी की वडील एकाच वेळी मुलीच्या मागेही असतात आणि पुढेही. त्यामुळे सर्वांत खाली वडिलांचे अंग आणि पाठीमागून गेलेला हात, त्यावर मुलगी, आणि सगळ्यांत वर तिच्या पलीकडच्या दंडावर आलेली वडिलांची चार बोटे. वडिलांचे असे दोन भाग केले नाहीत तर ते मुलीच्या मागे नुसते उभे राहतात.

इतके नीट जमूनही चित्र चिकटवल्यासारखे दिसू शकते, कारण बोटांना वजन नसते. खऱ्या मिठीत बोटे कापडात किंचित रुततात, दोन बोटांमधले कापड फुगते आणि चुण्या बोटांपासून बाहेर पसरतात. हे ‘लिक्विफाय’ या साधनाने शालूची कड अगदी थोडी आत ढकलून करतात. जरीचा काठ ताठ असतो, तो मऊ पदरासारखा दबत नाही. तिथे हात आखडता घ्यावा लागतो.

दाब खरा ठरवते ती सावली. ती दोनदा रंगवायची. पहिली बोटांच्या अगदी कडेला, केसाएवढी बारीक आणि गडद. दुसरी जरा लांबवर पसरत विरणारी. लेयर ‘मल्टिप्लाय’वर ठेवायचा, पण रंग काळा घ्यायचा नाही. लाल शालूवरची सावली गडद तपकिरी-लाल असते. काळी सावली काजळी लागल्यासारखी दिसते. उलट शालूचा लालसर उजेड वडिलांच्या पांढऱ्या शर्टावर पडायला हवा. ही बारीक गोष्ट बहुतेकजण विसरतात.

चूक शोधायला चित्र आरशातल्यासारखे उलटे करून पाहतात, मग रंग काढून कृष्णधवल करतात. रंग गेले की एकाचा चेहरा दुसऱ्यापेक्षा उजळ किंवा करकरीत असेल तर लगेच उघडे पडते. जुना फोटो दाणेदार असेल तर नव्यालाही थोडे दाणे द्यावे लागतात. वडिलांचा चेहरा फार जवळून, मोबाइलने टिपलेला असेल तर मात्र इलाज अवघड. अशा फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि फोटो लहान-मोठा करून ते सुधारत नाही.

तेव्हा स्टुडिओत जाताना थोड्या अंतरावरून काढलेला, चेहऱ्यावर एकाच बाजूने उजेड असलेला फोटो निवडा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत देऊ नका, तिच्यातला बारकावा आधीच गेलेला असतो. छापील फोटो असेल तर तोच न्या आणि तिथे स्कॅन करून घ्या.