उद्या पाणी बंद, पण कुणाचं?

सोसायटीच्या फलकावर कागद लागतो: ‘टाकी सफाईमुळे उद्या पाणीपुरवठा बंद राहील. सहकार्य करावे. आदेशावरून, सचिव.’ एवढ्यावरून घरात किती पाणी भरून ठेवायचं, हे ठरवता येत नाही.

समजा, ए आणि बी विंगची गच्चीवरची टाकी एक आहे आणि सीची वेगळी. सफाई पहिल्या टाकीची असेल, तर सीचे नळ चालूच राहतात. पण नोटीस वाचून तिन्ही विंगमध्ये रात्री बादल्या, पिंपं भरली जातात. खालची सामाईक टाकी रात्रीतच तळाला जाते आणि सकाळी सीलाही पाणी नसतं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर त्या घराचे फार हाल होतात.

वेळ लिहिताना काम संपण्याची नव्हे, नळाला पाणी येण्याची लिहावी. टाकी घासून झाली तरी पंपाने ती भरायला वेळ लागतोच.

‘मंगळवारी सकाळी १० ते दुपारी ३, फक्त ए आणि बी विंग, सी चालू. तीननंतर पाणी आलं नाही तर व्यवस्थापकांना फोन करा,’ आणि खाली तारीख, नाव, नंबर. फोन उचलणाऱ्याला कुठला व्हॉल्व्ह बंद केलाय हे ठाऊक हवं. नाहीतर लोक वॉचमनला धारेवर धरतात, आणि त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं.