आकड्यांची मांडणी : लेखांक ५
सिंधुदुर्ग गोव्यात कसा जातो?

सावंतवाडी तालुक्यातलं आरोंदा तेरेखोलच्या काठी आहे. नदीच्या अलीकडे सिंधुदुर्ग, पलीकडे गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं किरणपाणी. इथल्या माणसाचा दिवसभराचा वावर दोन्ही काठांवर असतो, त्यामुळे इथल्या भागाचा विचार करणाऱ्याला दोन्ही राज्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात. असे आकडे सहसा सादरीकरणाच्या स्लाइडवर मिळतात. स्लाइड नजरेने वाचण्यासाठी केलेली असते, आणि तोच तक्ता उचलून एक्सेलमध्ये चिकटवला की हिशेब करताना अडचणी सुरू होतात.

या लेखांकासाठी मुद्दाम एक छोटा तक्ता तयार केला आहे. आकडे २००१ आणि २०११ च्या जनगणनांचे, पूर्णांकित करून घेतलेले. मांडणी मात्र स्लाइडवर नेहमी दिसते तशी: राज्याचं नाव दोन ओळींत मर्ज केलेलं, ‘लोकसंख्या’ हे शीर्षक दोन वर्षांवर ताणलेलं, दुसऱ्या स्तंभाला नावच नाही. शिवाय तळाशी बारीक अक्षरांत एक तारांकित टीप, ‘आकडे हजारांत’. एक्सेलमध्ये चिकटवून मर्ज काढल्यावर तो असा दिसतो:

```
     A           B            C                 D      E
1    राज्य                     लोकसंख्या (लाख)            क्षेत्रफळ
2                             2001              2011   (चौ.किमी)
3    महाराष्ट्र    रत्नागिरी      16.97             16.15  8208
4                सिंधुदुर्ग      8.69              8.50   5207
5    गोवा        उत्तर गोवा    759*              818*   1736
```

मर्ज केलेल्या सेलमधला मजकूर एक्सेल फक्त वरच्या डाव्या सेलमध्ये ठेवतं, बाकीचे सेल रिकामे असतात. त्यामुळे इथे सिंधुदुर्गला राज्यच उरलेलं नाही. ‘महाराष्ट्र’ असं फिल्टर लावलं की फक्त रत्नागिरी दिसते आणि सिंधुदुर्ग मुकाट्याने गळतो. एक्सेल कुठलीही चूक दाखवत नाही, म्हणूनच ही गळती जास्त धोक्याची.

उपाय सोपा आहे. A3 ते A5 एवढेच सेल निवडावेत, F5 दाबून Special मध्ये Blanks घ्यावं, `=A3` टाइप करावं आणि Ctrl+Enter दाबावं. अख्खा A स्तंभ निवडू नये, नाहीतर A2 हा शीर्षकाखालचा रिकामा सेलही भरला जातो. ही युक्ती नावांच्या स्तंभांपुरतीच वापरायची. आकड्यांच्या स्तंभातला रिकामा सेल म्हणजे बहुतेकदा न मिळालेली माहिती. तिथे वरचा आकडा खाली ओढला, तर नसलेली माहिती असल्यासारखी दिसू लागते.

इथवर बरेच जण पोचतात आणि पुढची पायरी विसरतात. A4 मध्ये आता ‘महाराष्ट्र’ दिसतं, पण आत सूत्र आहे: वरच्या सेलमध्ये असेल ते दाखव. पुढे एककं दुरुस्त करून हा तक्ता २०११ च्या लोकसंख्येनुसार चढत्या क्रमाने लावला, तर उत्तर गोवा पहिला येतो, त्याखाली सिंधुदुर्ग, शेवटी रत्नागिरी. सिंधुदुर्गच्या सेलमधलं सूत्र आता उत्तर गोव्याच्या ओळीकडे बघतं आणि राज्य दाखवतं ‘गोवा’. आरोंद्यासकट अख्खा जिल्हा नदीपलीकडे जातो. म्हणून भरून झाल्याबरोबर तो स्तंभ कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values म्हणून चिकटवावा. मग ‘महाराष्ट्र’ हा साधा मजकूर होतो आणि क्रम कितीही बदलला तरी हलत नाही.

आता एककं. शीर्षक सांगतं लाख, टीप सांगते हजार, आणि `818*` हा सेल तारांकनामुळे आकडा उरलेलाच नाही, तो मजकूर झाला आहे. D3 ते D5 ची SUM घेतली तर एक्सेल तो सेल सोडून देतं आणि बेरीज 24.65 येते. सेलमध्ये आकडा आहे की मजकूर, हे `=ISNUMBER(D5)` लगेच सांगतं. चांदणी काढायला अनेकांचा हात Find & Replace कडे जातो, पण तिथे * चा अर्थ ‘काहीही’ असा होतो आणि सेलमधला सगळाच मजकूर पुसला जातो. तिथे `~*` असं लिहावं लागतं. त्यापेक्षा मूळ सेलला हात न लावणं चांगलं. F स्तंभात प्रत्येक ओळीचं एकक लिहावं, ‘लाख’ किंवा ‘हजार’, आणि G3 मध्ये हे सूत्र घालून खाली ओढावं:

```
=VALUE(SUBSTITUTE(D3,"*",""))*IF(F3="हजार",1000,100000)
```

२००१ साठी H3 मध्ये D3 च्या जागी C3. SUBSTITUTE चांदणीला चांदणीच समजतं. आता उत्तर गोवा 818000 आणि सिंधुदुर्ग 850000 होतो.

हे बरोबर झालं की नाही, हे क्षेत्रफळच सांगतं. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागलं की दर चौरस किलोमीटरला रत्नागिरीत १९७, सिंधुदुर्गात १६३ आणि उत्तर गोव्यात ४७१ माणसं येतात. २०११ च्या जनगणनेत छापलेली घनताही हीच आहे. उत्तर गोव्याचं एकक चुकून ‘लाख’ राहिलं असतं, तर उत्तर ४७ हजारांवर गेलं असतं आणि चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती.

पूर्णांकनाची मर्यादा मात्र कुठल्याही सूत्राने जात नाही. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली, घट २.२१ टक्के. स्लाइडवरच्या 8.69 आणि 8.50 वरून काढली तर २.१९ येते. फरक लहान आहे, पण टक्केवारी दोन दशांशांपर्यंत छापायची असेल, तर मूळ तक्त्याकडेच जावं लागतं.

शेवटी नावं. B स्तंभाला ‘जिल्हा’ हे शीर्षक द्यावं. C आणि D मधली वर्षं ही खरं तर माहिती आहे, शीर्षकं नव्हेत. म्हणून राज्य, जिल्हा, जनगणना वर्ष आणि लोकसंख्या असे चार स्तंभ करून तीन ओळींच्या सहा ओळी कराव्यात. दुरुस्त झालेल्या लोकसंख्येच्या दोन स्तंभांना 2001 आणि 2011 ही शीर्षकं देऊन, राज्य आणि जिल्ह्यासह ते नव्या पानावर Values म्हणून न्यावेत. मग पॉवर क्वेरीत राज्य आणि जिल्हा निवडून Unpivot Other Columns दिलं की सहा ओळी आपोआप होतात, फक्त नव्या दोन स्तंभांना नावं द्यावी लागतात. क्षेत्रफळ या सहा ओळींत आणू नये. तिथे ते प्रत्येक जिल्ह्यापुढे दोनदा येईल आणि १५,१५१ चौरस किलोमीटरची बेरीज दुप्पट होईल. त्याचं वेगळं पान करावं आणि दोन्ही पानांत जनगणनेच्या जिल्हा-संकेतांकाचा स्तंभ घालून ती त्यावरून जोडावीत: रत्नागिरी 528, सिंधुदुर्ग 529, उत्तर गोवा 585. हे २०११ चे संकेतांक आहेत. ते मजकूर म्हणून ठेवावेत, कारण देशभराची यादी घेतली की 001 सारखे संकेतांकही येतात आणि आकडा म्हणून ठेवल्यास पुढची शून्यं जातात.

वर्षाचं लेबल गळलं तर कोकणात त्याची किंमत जास्त मोजावी लागते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. एखाद्या जुन्या स्लाइडवर ‘रत्नागिरी’ एवढंच लिहिलं असेल आणि आकडा १९७१ चा असेल, तर त्यात आजचा सिंधुदुर्गही आला. तो आकडा २०११ च्या रत्नागिरीशेजारी ठेवला, तर प्रत्यक्षात वाढलेली लोकसंख्या घटल्यासारखी दिसेल. अशा ओळीपुढे ‘अविभाजित जिल्हा’ असा शेरा वेगळ्या स्तंभात लिहावा, जिल्ह्याच्या नावात घुसवू नये.

वाचकांनी हा पाच ओळींचा तक्ता स्वतः टाइप करून वरच्या क्रमाने दुरुस्त करून पाहावा आणि खऱ्या स्लाइडवरून तक्ता घेताना मूळ स्लाइडचा क्रमांक व तळटीप एका स्तंभात जपून ठेवावी. पुढच्या लेखांकात चित्र म्हणून चिकटवलेल्या तक्त्यांचा विचार करू.