निरोप सत्तर जागांचा

आईला निरोप घ्यायचा होता. तो तिच्या थोरल्या बहिणीचा, माझ्या मोठ्या मावशीचा. आई मुंबईत अंथरुणाला खिळलेली आणि मावशी सिंधुदुर्गातल्या खेड्यात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी उंबरठा न सोडणारी. मावशीला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर बोलणे बंद. पत्र पाठवले तर ते शेजारचे कोणी तरी अंगणात मोठ्याने वाचून दाखवणार. आईला ते नको होते. "तिनं स्वतः वाचलं पाहिजे," ती म्हणाली. उरला बटणांचा छोटा मोबाइल आणि त्यावरचा एसएमएस.

मावशी शाळेत गेली नाही. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झाले. पुढे त्याचे वारे कोकणात पोचले, तेव्हा रात्रीच्या वर्गात कंदिलाच्या उजेडात ती अक्षरे शिकली. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार झाले. जोडाक्षरे नीट बसायच्या आत लावणीचे दिवस आले आणि वर्ग सुटला तो सुटलाच. त्यामुळे 'ताई', 'भात', 'दवाखाना' ती सहज वाचते. 'प्रकृती' किंवा 'त्रास' दिसले की बोट थांबते. मग ती तो शब्द सोडून पुढे जाते. आपल्याला वाटते निरोप पोचला. पोचलेला असतो तो नेमका तेवढा शब्द वगळून.

पहिला मसुदा मी केला. 'ताईस शिरसाष्टांग नमस्कार. माझी प्रकृती अत्यंत चिंताजनक असून...' माझा हात कचेरीत घासलेला. आईने डोळे मिटूनच ऐकले आणि म्हणाली, "हे कोणाला लिहितोयस? कलेक्टरला?" मी पेन्सिलीने जोडाक्षरांखाली रेघा मारल्या, तर निम्म्या शब्दांखाली रेघ आली.

मग आईने सांगितले, "लिही, ताई, येते गं."

मी थांबलो. त्याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी मी मावशीला कळवले होते की आई दिवाळीला येणार नाही. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. मावशीच्या फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत पाच-सहा ओळी मावतात. खाली सरकवायचे असते हे तिला ठाऊक नाही. माझ्या लांबलचक मजकुरातले 'येणार' शेवटच्या ओळीत आले आणि 'नाही' पडद्याखाली गेले. मावशीने घावन्यांसाठी तांदूळ भिजत घातले आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत माणूस पाठवला.

आता पुन्हा 'येते' लिहायचे? आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत. दारात उभे राहून 'येते हं' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला त्यातले जाणे कळते. पण ते कळते समोरच्या चेहऱ्यावरून, हातातल्या पिशवीवरून. पडद्यावर चेहरा नसतो. एकेक अक्षर लावत वाचणाऱ्या माणसाला शब्द तेवढाच अर्थ देतो. 'देवाघरी', 'शेवटचा प्रवास' हे तर त्याहून वाईट. आई यात्रेला निघाली असे मावशीला वाटले असते. मी आईला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "येते नको. आणि जाते मी लिहिणार नाही. खरं काय ते सांग."

खरे सांगायलाही जागा मोजकीच. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरे बसतात. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला ७० जागा. त्यातही काना वेगळा मोजतात, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, शब्दांमधली मोकळी जागाही वेगळी. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द चार जागा खातो. सत्तरच्या पुढे गेले की निरोपाचे तुकडे होतात. फोन ते सहसा जोडून दाखवतो, पण मजकूर पडद्याखाली जातोच. दोन वेगळे निरोप पाठवावेत, तर नंतरचा यादीत वर येतो आणि मावशी तोच आधी उघडणार. जुलै २०१३ मध्ये बंद झालेल्या तारेची मला आठवण झाली. तिथे शब्दांचे पैसे पडत म्हणून माणसे शब्द गाळीत. इथे पैशांचा प्रश्न नव्हता, पण गाळायचे तेच होते.

आम्ही दोन दुपारी त्यावर बसलो. मावशीला चार गोष्टी कळायला हव्या होत्या: कोण बोलते आहे, काय झाले आहे, वेदना आहेत का, आणि आईला जे सांगायचे होते ते. 'माझा आजार' मधला 'माझा' गाळला, कारण आजारपणाचे मावशीला आधीच कळवले होते. 'काळजी करू नको' मी घातले होते. आईने ते काढले. "असं वाचलं की माणूस काळजीच करतं." 'मला दुखत नाही' हे मात्र तिने ठेवायला लावले, पण त्याआधी मी खात्री करून घेतली. त्या आठवड्यात डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढवली होती आणि ती खरोखर शांत झोपत होती. नाही तर मी ते लिहिले नसते.

शेवटची ओळ आईची. ती तान्ही असताना आजी शेतावर जाई आणि सात वर्षांची मावशी तिला कडेवर घेऊन फिरे. इतर मुली शाळेत जात, तेव्हा मावशी वहाळापाशी बाळ सांभाळत उभी असे. शाळा राहिली ती त्यामुळे. दोघी एकमेकींशी मालवणीत बोलत, पण मावशी वाचायला शिकली ती पुस्तकातल्या मराठीत. म्हणून तीच ठेवली.

'ताई, मी कुसुम. आजार बरा होणार नाही. मला दुखत नाही. तू मला कडेवर नेलेस.'

बोट ठेवून मोजले. बरोबर सत्तर. जोडाक्षर एकही नाही. शेजाऱ्यांच्या जुन्या बटणांच्या फोनवर तो आधी पाठवून पाहिला: 'होणार नाही' एकाच ओळीत आले आणि सगळा मजकूर एका पडद्यात बसला. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या, तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईंना वाचायला दिला. त्यांनी अडखळत वाचला आणि विचारले, "कोण वारणार आहे?" म्हणजे अर्थ पोचत होता.

मावशीला टाइप करता येत नाही. निरोप वाचला की मिस्ड कॉल द्यायचा, ही आमची जुनी खूण. त्या संध्याकाळी एक मिस्ड कॉल आला. थोड्या वेळाने आणखी एक. आईने फोन हातात धरून ठेवला.

अकराव्या दिवशी आई गेली. ते कळवायला मी एसएमएस केला नाही; भावाला गाडीने गावी पाठवले.

महिन्याभराने मी गेलो. मावशीने कनवटीचा फोन काढून निरोप उघडला आणि बोट फिरवत माझ्यासमोर वाचला. कुठेही अडखळली नाही. 'नेलेस'वर बोट थांबवून म्हणाली, "खरा आसा. माझ्याच कडेर होता ता."

मग तिने फोन बंद केला आणि मला चहा ठेवायला उठली.