विक्रीचा इष्टांक आणि वाढता मोबदला

‘माल विकला’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण आहे; परंतु ही क्रिया नेमकी केव्हा पूर्ण झाली, हे त्यावरून समजत नाही. गिऱ्हाइकाने होकार दिला तेव्हा, बिल फाडले तेव्हा, माल घरी पोचला तेव्हा, की पैसे हाती पडले तेव्हा? नित्याच्या बोलण्यात ही संदिग्धता कोणाला खटकत नाही. जेथे विक्रीवर मोबदला ठरतो, तेथे मात्र तीच करारातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होते. प्रस्तुत लेखात विक्रेत्याच्या कमिशनाची मांडणी ह्या दृष्टीने तपासावयाची आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. ठरावीक मुदतीत जेवढी विक्री अपेक्षित असते, तिला ‘इष्टांक’ म्हणतात. व्यवहारात ‘कोटा’ किंवा ‘टार्गेट’ हे शब्द रूढ आहेत. इष्टांक ओलांडल्यावर कमिशनाचा दर वाढतो, त्या तरतुदीला आपण ‘वाढता दर’ म्हणू. इंग्रजी वळणाच्या व्यवहारात तिला ‘ॲक्सिलरेटर’ म्हणतात. इष्टांक गाठणाऱ्याने तेथेच थांबू नये, हा तिचा हेतू असतो.

विवेचनासाठी एक काल्पनिक, पण स्थलविशिष्ट उदाहरण घेऊ. मालाडमधील एका व्यापाऱ्याचा विक्रेता मढ येथील कोळी बांधवांना डोल जाळी, दोर आणि तत्सम सामान विकतो. त्याचा मासिक इष्टांक ५ लक्ष रुपयांचा आहे. इष्टांक न गाठल्यास सर्व विक्रीवर १ टक्का आणि गाठल्यास सर्व विक्रीवर ३ टक्के, अशी योजना आहे. महिन्याच्या अखेरच्या दिवशी त्याची विक्री ४,९०,००० रुपये झाली आहे. तेथेच थांबल्यास त्याला ४,९०० रुपये मिळतील; आणखी १०,००० रुपयांचा माल खपवल्यास १५,००० रुपये मिळतील. म्हणजे त्या शेवटच्या १०,००० रुपयांच्या विक्रीचे मोल त्याच्या दृष्टीने १०,१०० रुपये आहे. तो माल स्वतःच्या खिशातून विकत घेऊन समुद्रात टाकला, तरी तो शंभर रुपयांनी फायद्यात राहील! अशा स्थितीत त्याने अवाजवी सवलत दिली, किंवा ओळखीच्या नाखव्याच्या नावावर नको असलेला दोर लिहिला, तर दोष त्याच्या नीतिमत्तेइतकाच योजनेच्या रचनेचा आहे.

ह्यावर पहिला उपाय असा, की वाढता दर केवळ इष्टांकावरील विक्रीला लागू करावा. पाच लक्षांपर्यंत २ टक्के आणि त्यापुढील रकमेवरच ३ टक्के, असे ठरवल्यास शेवटच्या १०,००० रुपयांच्या विक्रीचे मोल २०० रुपये होते आणि त्यापुढील तेवढ्याच विक्रीचे ३००. कडा नाहीशी होते. चढ मात्र राहतो.

परंतु एवढ्याने काम भागत नाही. दोन महिन्यांत प्रत्येकी ५ लक्षांची विक्री झाली, तर विक्रेत्याला २०,००० रुपये मिळतात. त्यातील २ लक्षांची बिले त्याने पहिल्या महिन्यातून दुसऱ्यात ढकलली, तर पहिल्या महिन्याचे ६,००० आणि दुसऱ्याचे १६,००० असे २२,००० रुपये मिळतात. मालाचा एक धागाही अधिक खपला नाही, पण मोबदला २,००० रुपयांनी वाढला. इयन लार्किन ह्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगणकप्रणाली विकणाऱ्या एका कंपनीतील व्यवहारांत हीच प्रवृत्ती मोजून दाखवली. तेथे तिमाहीच्या अखेरीस सौदे एकवटत होते आणि ते त्याच मुदतीत बसवण्यासाठी विक्रेते किंमत कमी करीत होते. त्यामुळे कंपनीचे उत्पन्न ६ ते ८ टक्क्यांनी घटत असल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे.

ह्यावर उपाय म्हणजे विक्रीची गणना दर महिन्याला शून्यापासून न करता वर्षभर संचित ठेवणे. कमिशन दरमहा द्यावे, परंतु ३ टक्क्यांचा दर वर्षाची विक्री ६० लक्षांवर गेल्यानंतरच सुरू व्हावा. मग बिल एका महिन्यातून दुसऱ्यात ढकलून काहीच हाती लागत नाही. मढसारख्या ठिकाणी ह्याचा आणखी एक लाभ आहे. महाराष्ट्रात जून व जुलै ह्या महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. ह्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात आणि जाळ्यांची डागडुजी चालते. मागणीचा असा चढउतार असताना बाराही महिन्यांना सारखाच इष्टांक लावणे म्हणजे विक्रेत्याच्या कष्टांऐवजी पंचांगाला बक्षीस देणे होय. संचित गणनेत हा दोष आपोआप विरतो. वर्षाच्या सीमेवर मात्र ढकलाढकलीचा मोह शिल्लक राहतो, हे मान्य केले पाहिजे. तो वर्षातून एकदाच उद्भवत असल्याने त्यावर नजर ठेवणे सोपे जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू: विक्री पूर्ण केव्हा झाली? जाळी पुष्कळदा उधारीवर जातात. केवळ बिलावर कमिशन दिल्यास नाखव्याला पेलणार नाही एवढा माल त्याच्या गळ्यात मारणे विक्रेत्याच्या हिताचे होते. उधारी बुडाल्यास तोटा व्यापाऱ्याचा आणि कर्जाचा भार कोळी कुटुंबाचा. म्हणून कमिशनाचा अर्धा भाग माल पोचल्यावर आणि अर्धा वसुलीच्या प्रमाणात द्यावा. ८०,००० रुपयांच्या मालावर १,६०० रुपये कमिशन होत असेल, तर ८०० लगेच मिळतील व उरलेले ८०० पैसे जमा होत जातील तसे. २०,००० रुपयांचा माल परत आल्यास एकूण कमिशन १,२०० रुपयेच ठरेल आणि फरक पुढील हिशेबात वळता होईल.

मोबदला पुढे विभागण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९३८ च्या विमा कायद्यात १९५० साली घातलेल्या कलम ४०-अ नुसार आयुर्विमा एजंटाला सर्वसाधारण पॉलिसीच्या पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर जास्तीत जास्त ३५ टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि त्यापुढे ५ टक्के मिळू शकत. पुढील हप्त्यांवरील कमिशनामुळे पॉलिसी चालू राहण्यात एजंटाचे हित गुंतले. तथापि पहिल्या वर्षाचे पारडे एवढे जड होते, की जुने गिऱ्हाईक सांभाळण्यापेक्षा नवे शोधणेच किफायतशीर ठरे. आयुर्विमा महामंडळाने १ ऑक्टोबर २०२४ पासून पहिल्या वर्षीचा दर ३५ वरून २८ टक्क्यांवर आणला व नंतरचा ५ वरून साडेसातवर नेला, तो ह्याच दिशेने. विभागणी असणे पुरेसे नाही; तिचे प्रमाणही महत्त्वाचे असते.

ह्या उपायालाही मर्यादा आहे. नवख्या विक्रेत्याजवळ जुन्या वसुलीचा ओघ नसतो. त्याला पहिले वर्ष तरी पुरेसे निश्चित वेतन न दिल्यास तो टिकणार नाही. शिवाय ह्या वर्षी ६६ लक्षांची विक्री केली म्हणून पुढील वर्षी इष्टांक ६६ लक्ष केला, तर विक्रेता एवढेच शिकतो, की अधिक विक्री लपवावी. इष्टांक बाजारातील नौकांची संख्या आणि मालाची गरज ह्यांवरून ठरवावा, विक्रेत्याच्या यशावरून नव्हे.

योजना बिघडली आहे की नाही, हे वहीच सांगते. मुदतीच्या शेवटच्या तीन दिवसांतील विक्री, त्याच दिवसांत दिलेली सवलत आणि पुढील महिन्यात परत आलेला माल, हे तीन आकडे शेजारी मांडावेत. तिन्ही एकदम फुगत असतील, तर विक्रेता बदलण्यापूर्वी करारातील ‘विक्री’ ह्या शब्दाची व्याख्या बदलावी.