सप्टेंबरातलं स्वातंत्र्य : अक्कलकोट सहीनं, आपण फौजेनं

मैत्रिणींनो, 17 सप्टेंबरला आपल्या गावात झेंडावंदन होतं. 15 ऑगस्ट होऊन महिना झालेला असतो, मग पुन्हा झेंडा कशाला, असं लेकरं विचारतात. त्याचं उत्तर शेजारच्या अक्कलकोटाशी ताडून पाहिलं की लवकर कळतं.

इंग्रज गेले तेव्हा देशात साडेपाचशेच्या वर संस्थानं होती. सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी ती दोन टप्प्यांत जोडली. पहिला कागद सामीलनाम्याचा. त्यात राजानं संरक्षण, परदेशी व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय भारताकडं द्यायचे. बाकीचा कारभार त्याचाच. दुसरा कागद विलीनीकरणाचा. त्यात सगळा कारभार सोडायचा आणि बदल्यात राजाला सालाना तनखा मिळायचा. अक्कलकोट मार्च 1948 मध्ये असंच सहीनं मुंबई प्रांतात गेलं.

आपला जिल्हा मात्र हैदराबादच्या निजामाकडं होता. निजामानं पहिल्याच कागदावर सही केली नाही. 29 नोव्हेंबर 1947 ला फक्त एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला, म्हणजे आहे तसंच चालू द्यायचं. त्या काळात रझाकारांचा जुलूम वाढला. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. दुसरीकडं स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता.

शेवटी 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरकडून निघाली आणि त्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आलं. 17 तारखेला निजामानं हार मानली. ती ही 17 सप्टेंबर.

पण सही न झाल्याची किंमत साध्या माणसांनी मोजली. आधी रझाकारांनी गावं लुटली. फौज आल्यावर सूड म्हणून अनेक निरपराध मुसलमान मारले गेले. सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा धरला होता. हेही लेकरांना सांगायला हवं.

त्या दिवशी सगळं संपलं असंही नाही. 1949 मध्ये निजामाची खासगी जमीन, म्हणजे सर्फ-ए-खास, सरकारजमा झाली आणि जहागिऱ्या गेल्या. पैसाही वेगळा होता. आपल्याकडं निजामाचा 'हाली' रुपया चाले, तर भारताच्या रुपयाला 'कळदार' म्हणत. हिशोब 7 हालीला 6 कळदार. म्हणजे मडक्यात 70 हाली साठवलेल्या बाईच्या हाती 60 कळदार येत. कळदार 1950 मध्ये इकडं सुरू झाला, तरी हाली पुढंही काही वर्षं चालत राहिला. बाजारात भाव ठरवताना पैसा कोणता, हे आधी विचारावं लागे.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. अक्कलकोट आणि आपण एकाच राज्यात आलो ते 1956 ला, म्हणजे त्यांच्या सहीनंतर आठ वर्षांनी.